वाट पाहण्याचा दर

सेकंदसाहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खोड काही गेली नव्हती. कारखान्यात त्यांचं कामच ते होतं. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते कागदावर उतरवायचं. नाव कामगारांनी ठेवलं होतं आणि ते काही लाडानं ठेवलेलं नव्हतं. बायको गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले तेव्हा स्टॉपवॉच बॅगेत सगळ्यात वर होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातल्यांना सांगून टाकलं, की तुमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर चार सेकंद उगाच थांबते. यावर कोणी काय बोलणार?

मुलगा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा. घरात राहायची सून, आणि सून गायिका. टीव्हीवरची वगैरे नव्हे. लोकांच्या घरगुती समारंभांत गायची. कोणाची साठी, कोणाच्या लग्नाचा वाढदिवस, कोणाच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन. तिच्याबरोबर दोन माणसं होती. एक कीबोर्डवाले, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण ते घरी मुलांना शिकवायचे. दुसरा ऑक्टोपॅड वाजवणारा, त्याला सगळे पॅडवालाच म्हणायचे. तिघांचा संच बारा वर्षं टिकला होता. आजकाल इतकी वर्षं लग्नंसुद्धा टिकत नाहीत, असं पॅडवाला म्हणायचा, आणि त्याचं स्वतःचं टिकलेलं नसल्यामुळे त्यावर हसायचं की नाही ते कोणाला कळायचं नाही.

एका सकाळी सून फोनवर बोलत होती आणि सेकंदसाहेबांचा पेपर वाचायचा बहाणा चालू होता. दोन तासांचे चोवीस हजार, ती म्हणाली. साहेबांनी पेपर खाली केला. दोन तासांचे चोवीस म्हणजे तासाचे बारा! त्यांच्या कारखान्याच्या जनरल मॅनेजरलासुद्धा हा दर मिळाला नव्हता. सुनेबद्दल त्यांना एकदम आदर वाटला आणि मागोमाग शंकाही आली. इतकी कमाई असेल, तर मग बाई भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस का करते?

ही शंका त्यांना तीन दिवस सुखानं जेवू देईना. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच, की मी तुमच्याबरोबर एकदा आलो तर चालेल का, नुसता बसून राहीन. सून हसली. "या की बाबा," ती म्हणाली. "पण ते घड्याळ घरी ठेवाल का?"

घड्याळ घरी काही राहिलं नाही.

कार्यक्रम एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याच्या साठीचा होता, शहराबाहेरच्या एका क्लबच्या हॉलमध्ये. पण साहेबांची वही त्याच्या कितीतरी आधी उघडली. त्या आठवड्यात सुनेच्या पुढच्या खोलीत सरावाच्या दोन बैठका झाल्या, तीन-तीन तासांच्या. व्यापाऱ्याच्या मुलानं सतरा गाण्यांची यादी पाठवली होती आणि त्यातली पाच या तिघांनी कधी वाजवलेलीच नव्हती. सुनेचा आवाज काळी चारचा, आणि गाणी निघाली कुठल्या कुठल्या पट्टीतली. मास्तरांनी एकेक खाली-वर करून तिच्या गळ्याला बसवली. बरं, कीबोर्डवर बटण दाबलं की पट्टी बदलते, पण मधले तुकडे नीट बसायला माणूसच लागतो. सून श्वास कुठे घेते हे मास्तरांना तिच्याकडे न बघता कळायचं. साहेबांनी वहीत लिहिलं: सराव, सहा तास.

मग स्पीकर, मिक्सर, माइकचे स्टँड. हे सगळं भाड्यानं आणायचं, सहा हजार. ते खाली उतरवून गाडीत भरायचं, तिकडे काढायचं, परत भरायचं, परत काढायचं. सगळं मिळून दोन तास. गाडीचे अडीच हजार. जाणं-येणं दीड-दीड तास. दुपारी दीडला हॉलवर पोचायचं, कारण मुलानं चारची वेळ दिली होती. वायरी जोडून आवाज तपासायला दीड तास गेला. तीन वाजता तिघंही तयार होऊन बसले.

आणि मग बसूनच राहिले. चारला काही सुरू झालं नाही. साडेचारला कळलं, की मुख्य पाहुणे निघालेत. पाचला कळलं, की ते निघायचेत. पाहुणे आल्यावर चार भाषणं झाली, त्यातलं एक व्यापाऱ्याच्या शाळासोबत्याचं, जो स्वतःबद्दलच बोलला. पॅडवाला भिंतीला टेकून चक्क घोरत होता. मास्तर डोळे मिटून मांडीवर बोटं नाचवत होते. सून मात्र जागेवर नव्हती. ती कधी स्वयंपाकघराच्या दारात दिसायची, कधी हॉलच्या अगदी मागे उभी राहून हलकेच टाळी वाजवायची, तर कधी कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीशेजारी खुर्ची ओढून गप्पा हाणायची. बाईला गप्पांचा भारी सोस, साहेबांनी मनात म्हटलं. तरी सवयीनं त्यांनी मिनिटं टिपली आणि रकान्यावर लिहिलं: वाट पाहणे, रिकामा वेळ, साडेतीन तास.

गाणं साडेसहाला सुरू झालं. तिसऱ्या गाण्याला व्यापारी रडला. दणकट माणूस, मानेला घड्या, आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला. हे गाणं यादीतल्या सतरांत नव्हतं. ते त्याची आई पिठाच्या गिरणीवर रांगेत उभी असताना गुणगुणायची, असं पुढच्या रांगेतल्या कोणीतरी सांगितलं. ते ऐकून साहेबांचेही डोळे ओले झाले आणि त्या चार मिनिटांची नोंद करायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशोब मांडला. चोवीसमधून साडेआठ गेले, राहिले साडेपंधरा हजार. मास्तरांना पाच, पॅडवाल्याला पाच, सुनेला साडेपाच. आणि तास? सहा, दोन, तीन, दीड, साडेतीन आणि गाण्याचे दोन. एकूण अठरा. पाच हजार भागिले अठरा. साहेबांनी दोनदा भागाकार केला. दोनशे अठ्ठ्याहत्तर! बारा हजारांवरून दोनशे अठ्ठ्याहत्तर. इतका सुंदर तक्ता त्यांनी नोकरीतसुद्धा केला नव्हता. लाल-निळ्या पेनानं आखून त्यांनी तो सरावाच्या वेळी तिघांपुढे ठेवला आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

पॅडवाल्यानं वाचून शीळ घातली. मास्तर मात्र त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले.

"शिकवणीचे मी तासाला चारशे घेतो काका," ते शेवटी म्हणाले. "घरी बसून. चहा पीत." मग ते सुनेकडे वळले आणि जे सांगितलं ते ऐकून तिच्या हातातली गाण्यांची वही तशीच राहिली. वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात त्यांना नोकरी देऊ करत होते. दुपारी दोन ते रात्री नऊ, महिन्याचा ठरलेला पगार. दोन आठवडे ते हो-नाही करत होते. "परवडत नाही हे माहीत होतं ताई, पण आकडा माहीत नव्हता. आता डोळ्यांपुढून जायचा नाही तो. पहिल्या तारखेपर्यंत त्यांना कळवायचंय."

त्यांचा गृहकर्जाचा हप्ता होता, मुलगी कॉलेजात होती; भांडण्यासारखं काही नव्हतंच. सून भांडलीही नाही. मास्तर गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि नळ सुरू करून बंद करायला विसरली. मास्तर गेले की संच संपला. कीबोर्ड वाजवणारे पन्नास मिळतील, पण श्वास ओळखणारा माणूस तयार व्हायला आणखी बारा वर्षं लागणार, आणि ती आता बेचाळिशीत होती.

सेकंदसाहेबांनी नळ बंद केला.  बारा वर्षं सुरळीत चाललेल्या गाड्याला आपण, नुसत्या कुतूहलापायी, एका कागदानं खीळ घातली. बरं, आकडा खोटा असता तर फाडून टाकता आला असता.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही," सून म्हणाली. त्यामुळे तर त्यांना जास्तच वाईट वाटलं.

त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट केली होती, तीच पुन्हा केली. नवा कागद आखला. दोन तासांचं गाणं, दोन सराव, सामानाची चढउतार आणि प्रवासातला वेळ मिळून तिघांचे एकवीस हजार, माणशी सात. सामानाचं भाडं आणि गाडी प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळी. गाण्याआधी दीड तास मांडणीचा. ठरलेल्या वेळेला गाणं सुरू झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक तासाला दीड हजार, आणि अर्ध्या तासाचेही निम्मे. वाट पाहण्याचा दर! कारखान्यात ते स्वतः हा वेळ शून्य धरत आले होते. माल यायचा असेल, यंत्र बंद असेल, तर कामगार उभा आहे म्हणजे काम नाही, म्हणजे मजुरी नाही. एकानं एकदा विचारलं होतं, की साहेब, मग मी त्या वेळात घरी जाऊ का? तेव्हा त्यांनी त्याला उद्धट म्हटलं होतं.

मास्तरांनी कागद वाचला आणि म्हणाले, की बघू या एक कार्यक्रम. असला कागद कोणी कबूल करतंय का तेच आधी बघू.

कबूल करणारी बाई आठवडाभरात भेटली. तिचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता, आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि हार्डवेअरवाल्याच्या साठीत तिनं सुनेला ऐकलं होतं. सूनबाई घाबरत घाबरत कागद घेऊन गेली, तर ही खोकीवाली बाई वाट पाहण्याच्या ओळीवर बोट ठेवून खूश झाली. तिच्या दारात मालाचा ट्रक थांबला तर पहिले काही तास सूट आणि मग दर तासाला दंड, त्यामुळे हे गणित तिच्या रक्तातच होतं. "हे बरं केलंत," ती म्हणाली. "माणूस थांबला तर पैसे पडतात हे लोकांना कळतच नाही." साडेएकोणतीस हजार, तिनं एक पैसाही कमी करायला सांगितलं नाही. वर असंही म्हणाली, की तिच्या कंपनीचे वर्षाला आठ मेळावे असतात, विक्रेत्यांचे, कामगारांचे, कसले कसले. हा कार्यक्रम चांगला झाला तर ते आठही यांनाच. आठ कार्यक्रम म्हणजे मास्तर राहिले! साहेब त्या रात्री लिफ्टचा विचारसुद्धा न करता झोपले.

आणि कार्यक्रम काय वेळेवर झाला! साडेचारला गाडी फाटकात, तर बाईचा माणूस हातात यादी घेऊन उभा. सामान लावायला चार हात तयार. कलाकारांना मागे एक वेगळी खोली, त्यात आरसा, पाणी, पंखा. सहाला पाच कमी असताना त्यांना बोलावलं आणि बरोब्बर सहाला पहिला सूर लागला. वाट पाहणे: शून्य. साहेबांनी शून्याभोवती एक छोटंसं वर्तुळ काढलं.

तिसऱ्या गाण्यापर्यंत त्यांना काहीतरी खटकायला लागलं होतं. गाणी तीच, यादीबरहुकूम. सुरात कुठे उणं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते, पण एकीकडे प्लेटमधलं खात होते. उत्सवमूर्ती म्हातारा-म्हातारी गाणाऱ्यांच्या डाव्या बाजूच्या मोठ्या सोफ्यावर बसले होते, एका स्पीकरच्या अगदी जवळ, आणि म्हातारी चेहऱ्यावर एक ठेवणीतलं हसू घेऊन सगळ्या गाण्यांना सारखीच मान डोलवत होती. चाल संथ असो की उडती, मान तशीच. आठला गाणं संपलं, सव्वाआठला पैसे हातात. साहेबांनी गाडीतच भागाकार केला; जाणं-येणं या वेळी एक-एक तासाचंच होतं. सात हजार भागिले साडेतेरा, म्हणजे पाचशे अठरा. जवळजवळ दुप्पट.

मास्तर गाडीत गुणगुणत होते. सून खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर साहेबांनी तिला छेडलंच. सगळं वेळेत, पैसे वेळेत, मग तोंड का उतरलंय? तिनं टाळलं. पण कुतूहल जागं झालं की सेकंदसाहेब कोणाला सोडत नसत, सुनेला कुठून सोडणार?

"मला माणसंच कळली नाहीत बाबा," ती म्हणाली. "मी भिंतीला गाणं म्हटलं आज."

हे काही त्यांच्या रकान्यात बसेना. मग ते मागची वही घेऊन बसले. साठीच्या कार्यक्रमाचे साडेतीन रिकामे तास, आणि शेजारी त्यांनी निव्वळ सवयीपोटी टिपलेली मिनिटं. तीन वाजून वीस, स्वयंपाकघराचं दार, व्यापाऱ्याच्या बहिणीशी, चौदा मिनिटं. तीन-चाळीस, हॉलच्या मागे टाळी, मग पॅडवाल्याला उठवून काहीतरी सांगितलं. चार-दहा, म्हातारीजवळ, बावीस मिनिटं. चार-पस्तीस, मास्तरांच्या कानात. मास्तरांची बोटं मांडीवर चालू. त्यांनी सुनेला हाक मारली आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारत गेले, की हे काय, हे काय. ती सांगत गेली. टाळी वाजवली कारण हॉल मागे घुमत होता, पॅडचा आवाज कमी करायला लागला. गिरणीवरचं गाणं बहिणीनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, की व्यापाऱ्याची आई ते फार सावकाश म्हणायची, तेवढा दम आता कोणाच्यात आहे. मग मास्तरांनी मांडीवर ते गाणं बसवलं, एक पट्टी खाली आणि निम्म्या लयीत.

साहेब वहीकडे बघत राहिले. तीस वर्षं लोकांचा वेळ मोजला, आणि काम कशाला म्हणायचं तेच कळलं नाही. या लोकांचं अर्धं काम त्या रिकाम्या तासांत होत होतं. त्याला त्यांनी दंड लावला, आणि दंड चुकवायला खोकीवाल्या बाईनं ते तासच उडवून दिले. बाईचं काही चुकलं नव्हतं. चूक कागदाची होती आणि कागद साहेबांचा होता.

दुसऱ्या दिवशी बाईचाच फोन आला. आवाजात राग नव्हता, कोडं पडल्याचा सूर होता. सगळं वेळेवर झालं, पण त्या साठीत ऐकलं ते हे नव्हतं, असं ती म्हणाली. आई-बाबा साडेआठला झोपायलाही गेले. आठ मेळाव्यांचं बोलायला या म्हणाली, पण तिनं आणखी एका संचालाही बोलावलं होतं.

पहिली तारीख चार दिवसांवर होती. सून म्हणाली, की आपण सरळ दोन तास आधी जात जाऊ, तिच्याकडून काही मागू नका. मास्तर ऐकेनात. "ताई, आज दोन तास फुकट दिले की उद्या तेच साडेतीन होतात. मी बारा वर्षं दिलेत. आता कागदावर असतील तरच येईन." दोघांचंही खरं होतं. साहेबांनी मध्ये पडून कागदात एक ओळ वाढवली: गाण्याआधी दोन तास, पाहुणे असतील तिथेच, तीन हजार. मास्तरांच्या वाट्याला हजार जास्त आणि तास दोन जास्त. दर पाचशे सोळावर येत होता. मास्तरांनी मान डोलावली. आता बाईनं डोलवायची होती.

बाईच्या ऑफिसला काचेच्या भिंती होत्या आणि पलीकडे खोकी शिवण्याच्या यंत्रांची ठकठक चालू होती. सून, मास्तर आणि साहेब तिच्यासमोर बसले. तिनं नवी ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"म्हणजे गेल्या वेळी तुम्ही मला सांगितलंत, की वाट पाहायला लावली तर पैसे पडतील. मी तुम्हाला एक मिनिट थांबवलं नाही. आणि आता म्हणताय, थांबायचे पैसे आधीच द्या?"

साहेबांनी समजावायचा प्रयत्न केला. मांडणी वेगळी, ओळख वेगळी, ठरलेल्या वेळेनंतर रखडणं वेगळं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, की या दोन तासांत मला नक्की मिळणार काय? तिच्या जागी साहेबांनीही हेच विचारलं असतं. ते सुनेकडे बघायला लागले.

सून बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"परवा वायरी गुंडाळत होतो ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तुमच्या आईंजवळ दहा मिनिटं बसले. त्यांना डाव्या... त्यांना एका कानानं काहीच ऐकू येत नाही. वर्ष झालं असेल. आणि सोफा होता आमच्या डाव्या बाजूला, म्हणजे आम्ही आणि स्पीकर त्यांच्या डाव्या हाताला. गाणं सगळं त्या बंद कानाकडून येत होतं. उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. दोन तास त्यांनी भांडी ऐकली. मला आधी कळलं असतं तर सोफा दुसऱ्या बाजूला नेला असता, एवढंच. पाच मिनिटांचं काम होतं."

पलीकडची यंत्रं ठकठकत होती. बाईचा चेहरा तसाच होता, फक्त हातातला चष्मा तिनं टेबलावर ठेवला आणि परत उचलला.

"मला कसं नाही सांगितलं तिनं?"

"सांगायचं राहून गेलं म्हणाल्या. तुम्ही फोन करता तेव्हा घाईत असता ना."

हे बोलून सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी खुर्ची जराशी मागे सरकवली, उठायला बरी म्हणून. आठ मेळावे गेले, असं साहेबांनीही मनाशी धरून टाकलं. 

"कुठला कान म्हणालात?" तिनं विचारलं.

"डावा."

तिनं पेन उघडलं. नव्या ओळीतला दोनाचा आकडा खोडून त्यावर अडीच लिहिलं, तीन हजारांचे पावणेचार केले आणि खाली सही केली. आठ मेळाव्यांच्या तारखा माझा माणूस पाठवेल, म्हणाली, आणि दुसऱ्या संचाला नको म्हणून कळवायचं तिनं कोपऱ्यात टिपून ठेवलं. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं होतं, पण सुनेनं त्यांच्या कोपराला हात लावला.

जिन्यात मास्तरांनी फोन काढला. दुकानवाल्याला त्यांनी जेमतेम तीन वाक्यांत नाही म्हणून सांगितलं, धन्यवाद म्हटलं, आणि फोन खिशात टाकताना सुनेला म्हणाले, की शनिवारी सरावाला चार वाजता येतो. ती हो म्हणाली आणि कठड्याला धरून क्षणभर उभी राहिली.

सेकंदसाहेबांची छत्री वर खुर्चीजवळच राहिली होती. ती आणायला ते परत चढले. काचेचं दार अर्धवट उघडं होतं. बाई दाराकडे पाठ करून खिडकीशी उभी होती, फोन कानाला, आणि नेहमीसारखं भराभर बोलायला लागली होती. मध्येच ती थांबली.

"आई," ती सावकाश म्हणाली, "फोन उजव्या कानाला धर. धरलास? हं. आता बोल तू. मला काही घाई नाही."

साहेबांनी छत्री तशीच राहू दिली आणि पाय न वाजवता खाली उतरले.